शॉर्ट सर्किट टेस्ट पुन्हा करायची परवानगी मागताना

प्रश्न: "सर, मी कोल्हापुरात इलेक्ट्रिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. १ केव्हीए, २३०/११५ व्होल्टच्या सिंगल फेज ट्रान्सफॉर्मरवर टेस्ट केल्या. ओपन सर्किट, एलव्ही बाजूने: ११५ व्होल्ट, ०.६ अँपिअर, वॉटमीटरचा काटा १०० वर. वॉटमीटर एलपीएफ ०.२ चा, १२५ व्होल्ट आणि १ अँपिअरवर जोडलेला, स्केल १२५ पर्यंत. शॉर्ट सर्किट, एचव्ही बाजूने: १४.५ व्होल्ट, ४.३५ अँपिअर, गुणक लावून ५८ वॅट. एफिशियन्सी ८६ टक्के आली आणि मॅडमनी मॅन्युअल परत दिलं. शॉर्टचा जम्पर तापला होता, त्याला हात लागला की काटे हलायचे. त्याआधीच्या प्रॅक्टिकलला डीसीवर वाइंडिंगचा रेझिस्टन्स मोजला होता: एचव्ही ०.८५ ओहम, एलव्ही ०.२२ ओहम. मित्र म्हणतात दुसऱ्या बॅचची रीडिंग उतरव. मला टेस्ट परत करायची आहे. मॅडमना पत्र कसं लिहू?"

पत्राचा नमुना खाली देतो. पण मॅडमच्या जागी मी असतो तर पत्र हातात घेतल्यावर पहिला प्रश्न हाच विचारला असता की नेमकं काय चुकलं आणि ते तुला कशावरून कळलं. "रीडिंग चुकली, परत करू द्या" एवढ्यावर कोणीही टेबल मोकळं करून देत नाही, कारण चूक कुठे झाली हे माहीत नसेल तर दुसऱ्यांदाही तीच होणार. तू दिलेल्या आकड्यांत याचं उत्तर बऱ्यापैकी दडलेलं आहे. मी शिरोलीकडे ट्रान्सफॉर्मर दुरुस्ती आणि टेस्टिंगचं काम करतो, त्याआधी काही वर्षं एका पॉलिटेक्निकच्या मशीन लॅबमध्ये होतो. दोन्हीकडच्या सवयीने सांगतो: तुझ्या दोन टेस्टमध्ये दोन वेगळ्या जातीच्या चुका आहेत. एक कागदावरच दुरुस्त होते. दुसरीसाठी टेबलावर जावंच लागेल.

आधी ओपन सर्किट घेऊ. ११५ व्होल्ट आणि ०.६ अँपिअर यांचा गुणाकार ६९ व्होल्ट-अँपिअर होतो. तू पॉवर लिहिलीस १०० वॅट. म्हणजे पॉवर फॅक्टर १.४५ झाला. पॉवर फॅक्टर एकाच्या वर जाऊ शकत नाही, त्यामुळे हे रीडिंग अशक्य आहे हे सांगायला ट्रान्सफॉर्मरपाशी जायचीही गरज नाही. कारणही तुझ्याच प्रश्नात आहे. १०० हे काट्याचे विभाग आहेत, वॅट नव्हेत. एलपीएफ वॉटमीटरचा गुणक काढताना व्होल्टेज रेंज, करंट रेंज आणि मीटरवर छापलेला पॉवर फॅक्टर यांचा गुणाकार करायचा आणि त्याला स्केलच्या एकूण विभागांनी भागायचं:

गुणक = (१२५ × १ × ०.२) ÷ १२५ = ०.२

म्हणजे खरी पॉवर १०० × ०.२ = २० वॅट. आता पॉवर फॅक्टर २० ÷ ६९ = ०.२९ येतो. नो लोडवर करंटचा मोठा हिस्सा कोअर मॅग्नेटाइज करण्यात जातो, म्हणून या आकाराच्या ट्रान्सफॉर्मरला ०.२ ते ०.३५ च्या आसपासचा आकडा पटण्यासारखा आहे. म्हणूनच तिथे एलपीएफ वॉटमीटर देतात. साध्या वॉटमीटरचा काटा इतक्या कमी पॉवर फॅक्टरला स्केलच्या तळाशीच अडकतो आणि नीट वाचता येत नाही.

हे रीडिंग वाचलं ते तू वॉटमीटरची टर्मिनल्स टिपून ठेवलीस म्हणून. प्रेशर कॉइल १२५ वर होती की २५० वर हे आठवत नसतं तर गोष्ट वेगळी झाली असती. २५० वर जोडणी असेल तर गुणक ०.४, पॉवर ४० वॅट आणि पॉवर फॅक्टर ०.५८. हा आकडा जास्त वाटतो, पण अशक्य म्हणता येत नाही. अशा वेळी कागदावर निकाल लागत नाही आणि ओपन सर्किटही परत करावी लागते. तुला खात्री असेल तर ती टेस्ट पुन्हा मागू नकोस.

आता शॉर्ट सर्किट. हिच्यात धोका असा की इथे काहीच अशक्य दिसत नाही. १४.५ व्होल्ट म्हणजे २३० च्या ६.३ टक्के. पुस्तकात "५ ते १० टक्के व्होल्टेज द्या" असं असतं, त्यात हे चपखल बसतं. पॉवर फॅक्टर ०.९२, तोही चालण्यासारखा. ओपन सर्किटचे २० वॅट दुरुस्त करून हेच ५८ वॅट ठेवलेस तर एकूण लॉस ७८ वॅट आणि एफिशियन्सी ९२.८ टक्के येते. बऱ्याच जणांचं प्रॅक्टिकल इथेच "बरोबर" होऊन सही होते. तुझ्याकडे डीसी रेझिस्टन्सचे आकडे आहेत, म्हणून तुला पुढे जाता येतं.

शॉर्ट सर्किटवरून एचव्ही बाजूचा एकूण रेझिस्टन्स काढ: ५८ भागिले ४.३५ चा वर्ग, म्हणजे ५८ ÷ १८.९, साधारण ३.०७ ओहम. डीसीवर मोजलेलं काय सांगतं बघ. एलव्हीचा रेझिस्टन्स एचव्ही बाजूला आणताना टर्न रेशोच्या वर्गाने गुणायचा. २३०/११५ चा रेशो २, वर्ग ४. म्हणून ०.८५ + ४ × ०.२२ = १.७३ ओहम. एसीवर स्ट्रे लॉसमुळे आणि तापलेल्या तांब्यामुळे आकडा थोडा वर जातो, म्हणून १.८ किंवा १.९ आला असता तर मी काही बोललो नसतो. ३.०७ म्हणजे जवळपास पावणेदोन पट. वाइंडिंगमध्ये एवढा रेझिस्टन्स नाही, तर तो बाहेरून आला.

कुठून आला हे तुझ्या तापलेल्या जम्परने सांगितलंच आहे. जास्तीचे सुमारे १.२ ओहम एचव्ही बाजूने दिसतात, म्हणजे एलव्ही बाजूला प्रत्यक्षात त्याच्या चौथाई, ०.३ ओहम. एलव्हीचा फुल लोड करंट ८.७ अँपिअर. ०.३ ओहममधून ८.७ अँपिअर गेले की तिथे जवळपास २३ वॅट उष्णता होते. रेडिओ दुरुस्तीवाल्याकडची २५ वॅटची सोल्डरिंग आयर्न त्या क्लिपच्या जागी ठेवली असं समज, मग चटका का बसला ते कळेल. आणि हा दोष वायर बारीक असल्याचा नाही. अर्धा मीटर २.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरचा रेझिस्टन्स ०.००३५ ओहमच्या आसपास असतो. एक मीटर बारीक ०.५ ची वायर लावली तरी ०.०३५ ओहम. ०.३ ओहम यायला जोड सैल असावा लागतो: मळलेली मगर क्लिप, नीट न आवळलेला नट, किंवा इन्सुलेशनचं टोक नटाखाली अडकलेलं. हात लागल्यावर काटे हलणं ही सैल जोडाची खूण आहे. निव्वळ बारीक वायर असती तर ती तापली असती, पण काटे स्थिर राहिले असते.

अजून एक पडताळा आहे. ज्यांना डीसी रेझिस्टन्स मोजायला मिळालेला नसतो त्यांनाही तो निम्मा उपयोगी पडतो. सैल जोड फक्त रेझिस्टन्स वाढवतो, लीकेज रिॲक्टन्सला हात लावत नाही. तुझं इम्पीडन्स १४.५ ÷ ४.३५ = ३.३३ ओहम, त्यावरून रिॲक्टन्स साधारण १.३ ओहम. चांगल्या जोडाने टेस्ट परत केलीस की रेझिस्टन्स १.८५ च्या आसपास यायला हवा आणि रिॲक्टन्स तिथल्या तिथेच राहायला हवा. म्हणजे ४.३५ अँपिअरला व्होल्टमीटर १० च्या जरा अलीकडे-पलीकडे आणि पॉवर ३५ वॅटच्या आसपास. हे आकडे पत्रात लिहू नकोस, नाहीतर उत्तर आधी ठरवून आलास असं वाटेल. स्वतःच्या वहीत मात्र लिहून ठेव. टेस्टनंतर रिॲक्टन्सही भलताच बदलला तर चूक जम्परची नव्हती, मीटरच्या रेंजमध्ये किंवा जोडणीत होती, आणि शोध तिकडे वळवायचा.

दुसऱ्या बॅचची रीडिंग उतरवण्याबद्दल. ज्यांच्या ताब्यात लॅब असते त्यांना कोणत्या टेबलावरचा ट्रान्सफॉर्मर काय दाखवतो हे साधारण पाठ असतं. एकाच रेटिंगचे दोन ट्रान्सफॉर्मर नो लोड करंटमध्ये सहज वेगळे निघतात, स्टॅम्पिंग वेगळ्या लॉटचं असलं तरी पुरे. उतरवलेली रीडिंग तुझ्या डीसी रेझिस्टन्सशी जुळणार नाहीत, आणि मॅडमनी तेवढं पान उलटून पाहिलं तर तुझ्याकडे सांगायला काही उरणार नाही.

पत्रात या सगळ्यातलं किती घालायचं? माझ्या मते अगदी थोडं. एक अशक्य आकडा, तो कसा दुरुस्त केला. एक संशयास्पद आकडा, संशयाचं कारण. आणि फक्त तेवढीच टेस्ट परत करायची विनंती. दोन्ही टेस्ट मागितल्यास तर अख्खं प्रॅक्टिकल पुन्हा लावावं लागतं, फक्त शॉर्ट सर्किट अर्ध्या तासात होते. परवानगी मिळण्यात हा फरक मोठा असतो. असं लिही:

प्रति,
मा. मॅडम,
विद्युत यंत्रे प्रयोगशाळा, विद्युत अभियांत्रिकी विभाग.

विषय: सिंगल फेज ट्रान्सफॉर्मरची शॉर्ट सर्किट टेस्ट पुन्हा करण्याची परवानगी मिळणेबाबत.

महोदया,

मी द्वितीय वर्ष विद्युत अभियांत्रिकी, बॅच ……, रोल नंबर …… चा विद्यार्थी आहे. दि. …… रोजी टेबल क्र. …… वरील १ केव्हीए ट्रान्सफॉर्मरवर मी ओपन सर्किट व शॉर्ट सर्किट टेस्ट केल्या. त्यावरून एफिशियन्सी ८६ टक्के आल्याने आपण मॅन्युअल तपासण्यास सांगितले.

तपासल्यावर लक्षात आले की ओपन सर्किट टेस्टमध्ये मी वॉटमीटरचा ०.२ हा गुणक लावला नव्हता. तो लावल्यावर पॉवर २० वॅट व पॉवर फॅक्टर ०.२९ येतो. ही दुरुस्ती मी मूळ आकडा तसाच ठेवून त्याशेजारी केली आहे.

शॉर्ट सर्किट टेस्टवरून एचव्ही बाजूचा रेझिस्टन्स ३.०७ ओहम येतो, परंतु आधीच्या प्रयोगातील डीसी रेझिस्टन्सवरून तो १.७३ ओहम येतो. टेस्ट चालू असताना एलव्ही बाजूचा जम्पर तापला होता व त्याला हात लागल्यावर काटे हलत होते. तो जोड सैल राहिला असावा, आणि ही गोष्ट मी त्याच वेळी आपल्या निदर्शनास आणायला हवी होती.

त्यामुळे फक्त शॉर्ट सर्किट टेस्ट पुन्हा करण्याची परवानगी द्यावी, ही विनंती. आपल्या सोयीच्या वेळी, आपण किंवा लॅब असिस्टंट उपस्थित असताना, मी अर्ध्या तासात ती पूर्ण करीन. आधीचे व नवीन रीडिंग दोन्ही मॅन्युअलमध्ये ठेवीन.

आपला विद्यार्थी,
……

"मीटर खराब होता" हे वाक्य पत्रात घालू नकोस. मीटर खरंच खराब असू शकतो, पण तो बदलून, तेच रीडिंग दुसऱ्या मीटरवर घेऊन तू पाहिलेलं नाहीस. आणि "त्याच वेळी सांगायला हवं होतं" हे वाक्य काढू नकोस. ते नुसत्या नम्रतेपोटी घातलेलं नाही. सैल जम्परवर टेस्ट चालू ठेवण्यात मीटर जळण्याचा धोका असतो. जोड सुटला की करंट पडतो, मुलगा डिमरस्टॅट वाढवून करंट परत ४.३५ वर आणायला बघतो, आणि तेवढ्यात जोड पुन्हा धरला की वाढवलेल्या व्होल्टेजवर करंट एकदम उसळतो. वॉटमीटरची करंट कॉइल अशाने जाते. लॅबवाल्यांना चुकीच्या रीडिंगपेक्षा याची धास्ती जास्त असते. तुला ते समजलंय हे दिसलं तर परवानगी लवकर मिळेल.

पत्र कुणाला द्यायचं हे मॅन्युअल कोणत्या टप्प्यावर आहे त्यावर अवलंबून आहे. सही झालेली नसेल तर मॅडमना थेट हातात दे, सोबत मॅन्युअल ने आणि दोन्ही पानं उघडून दाखव. प्रयोगाचे मार्क चढवून झाले असतील तर मॅडम स्वतःच्या अधिकारात ते बदलू शकतील असं गृहीत धरू नकोस. तेव्हा पत्रावर विभागप्रमुखांचं नाव आणि "मार्फत" म्हणून मॅडमचं नाव, असं करावं लागेल. सबमिशनच्या आठवड्यात लॅब सकाळपासून भरलेली असते, म्हणून दोन-तीन पर्यायी वेळा तोंडी सुचव.

परवानगी मिळाली की जम्परवर वेळ घाल. आमच्याकडे दुरुस्तीला आलेल्या ट्रान्सफॉर्मरला शॉर्ट करताना क्लिप वापरतच नाही. जाड तांब्याची पट्टी किंवा लग क्रिम्प केलेली वायर टर्मिनलच्या नटाखाली घेतो आणि पान्याने आवळतो. तुझ्या लॅबमध्ये पट्टी नसेल तर ४ चौरस मिलिमीटरची आखूड वायर घे, टोकं पॉलिश पेपरने घास, टर्मिनलही घास, आणि नट आवळल्यावर वायर ओढून बघ. डिमरस्टॅट शून्यावर आहे हे स्वतः बघ, मॅडमना किंवा लॅब असिस्टंटना जोडणी दाखव, आणि मगच सप्लाय चालू कर. डिमरस्टॅट अगदी हळू फिरवायचा, कारण इथे नऊ-दहा व्होल्टलाच फुल लोड करंट येतो आणि हात जरा जास्त फिरला तर अमीटर स्केलबाहेर जातो.

एकच रीडिंग घेऊन उठू नकोस. २.२, ३.३ आणि ४.३५ अशा तीन करंटला वॅट टिप. दर वेळी वॅटला करंटच्या वर्गाने भाग. तिन्ही उत्तरं जवळपास सारखी आली, म्हणजे ९, २० आणि ३५ च्या आसपासचे वॅट मिळाले, तर जोड घट्ट आहे. उत्तर भटकत असेल तर सप्लाय बंद करून जम्पर परत बघ. मात्र २.२ ला काटा स्केलच्या खालच्या टोकाला असतो, तिथे अर्ध्या विभागाची चूकसुद्धा मोठी दिसते, म्हणून त्या रीडिंगला थोडी सूट द्यायची.

खोलीचं तापमानही टिप. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला साधारण ०.४ टक्क्यांनी वाढतो. पावसाळ्यात कोल्हापुरात २४-२५ अंशाला केलेली टेस्ट आणि मे महिन्यात ३६ अंशाला केलेली टेस्ट यांच्यात साडेचार टक्क्यांचा फरक पडतोच. तुझ्या आधी कुणी त्याच ट्रान्सफॉर्मरवर तासभर लोड टेस्ट केली असेल तर वाइंडिंग आतून आणखी तापलेलं असतं. ३५ ऐवजी ३७-३८ वॅट आले म्हणून घाबरायचं कारण नाही, कारण मात्र शेजारी लिही. कारखान्यातल्या सर्टिफिकेटवर लोड लॉस ७५ अंशावर नेऊन देतात ते याचसाठी, नाहीतर थंडीत टेस्ट केलेला ट्रान्सफॉर्मर उगाच चांगला दिसेल.

लॉस २० आणि ३५ धरले तर युनिटी पॉवर फॅक्टरला फुल लोड एफिशियन्सी १००० ÷ १०५५, म्हणजे ९४.८ टक्के येईल. जुनी रीडिंग खोडरबरने किंवा व्हाइटनरने घालवू नकोस. एक आडवी रेघ, शेजारी तारीख, खाली नवीन तक्ता.

आणि वेळ नाही म्हणून नकार मिळाला तर? ओपन सर्किटची दुरुस्ती तशीही तुझ्या हातात आहे. शॉर्ट सर्किटचे ५८ वॅट तसेच ठेव आणि त्याखाली डीसी रेझिस्टन्सवरून काढलेला कॉपर लॉस लिही: १.७३ × १८.९ = ३२.७ वॅट. हा किमान आकडा आहे, यात स्ट्रे लॉस धरलेला नाही, असं स्पष्ट नमूद कर. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले सर याच पानावर थांबण्याची शक्यता जास्त आहे, तेव्हा एलव्हीचे ०.२२ ओहम ४ ने का गुणले, हे न अडखळता सांगता आलं पाहिजे.